शेवटचं वाक्य आधी पाठ कर

डॉक्टरांनी सीटी स्कॅनचा काळा कागद दिव्यासमोर धरला आणि मकरंदकडे बघून इंग्रजीत बोलायला लागले. मकरंद माझा मुलगा, खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काही येतं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. पण कॅन्सर हा शब्द कळायला इंग्रजी लागत नाही. हे, म्हणजे माझे मिस्टर, तेव्हा बाहेर पॅसेजमध्ये व्हीलचेअरवर बसून नर्सला सांगत होते, "तुमच्या भिंतीवरच्या पाटीत दोन चुका आहेत. दुरुस्त करा, नाहीतर पेशंट वाचून मरायचे."

पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड. पोटात जठराच्या मागे लपलेलं असतं, म्हणून त्याचं दुखणं उशिरा कळतं. यांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, पँट कमरेला राहीना. आम्ही काविळीचा मुळा-ऊस सगळं केलं. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे धायरीच्या घरात आम्ही निवांत होतो. तुमच्याकडे कोणाला न दुखणारी कावीळ झाली तर निवांत राहू नका, एवढं लक्षात ठेवा.

"लिव्हरवर मेटास्टॅसिस आहेत," डॉक्टर मग मराठीत म्हणाले. म्हणजे रोग यकृतापर्यंत गेलाय. "ऑपरेशन नाही करता येणार. स्टेंट टाकू, म्हणजे पित्ताच्या नळीत बारीकशी पुंगळी. कावीळ उतरेल, खाज थांबेल. पण आजार तोच राहील. दिवाळी... बघू." मग त्यांनी विचारलं, "पेशंटला तुम्ही सांगणार की मी सांगू?"

मकरंद म्हणाला, "कोणीच नाही सांगायचं. बाबा खचतील."

मी म्हटलं, "अरे, ते खचणारे आहेत का?"

"आई, प्लीज." झालं. ठरलं. यांना सांगायचं, लिव्हरला सूज आहे.

आता यांच्याविषयी. हे शाळेत मराठी शिकवायचे. रिटायर झाल्यावर गावभरच्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक. टेबलावर पितळी घंटी असायची आणि ती वाजवताना यांना जो आनंद व्हायचा तो मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मकरंदची मुलगी, आमची नात ऋचा, तिसरीत असताना एका स्पर्धेत उभी राहिली. परीक्षक हेच. पोर मध्येच अडखळली. यांनी जरा वेळ वाट बघितली आणि घंटी वाजवली. सगळ्यांसमोर, आपल्याच नातीवर. घरी मी बोलले तर म्हणाले, "घंटीला नाती नसतात." त्यानंतर ती पोर चार माणसांत तोंड उघडायची बंद झाली. वर्गात हजेरीलासुद्धा हात वर करायची.

ती आता दहावीत होती. आणि मकरंदनं काय ठरवावं? ऑफिसात त्याला सगळं आधी आखून ठेवायची सवय. म्हणाला, "आई, स्मशानात बाबांचे विद्यार्थी तास-तास बोलतील. घरातलं कोणीतरी बोलायला हवं. मला नाही जमणार. ऋचा बोलेल. ती घाबरते, म्हणून आत्तापासून तयारी करू दे."

नवरा माझा अजून जिवंत, ज्यूस नको म्हणून कुरकुरतोय, आणि इकडे त्याच्यावरच्या भाषणाची तयारी सुरू. मी म्हटलं, "दहाव्याचा मेनूपण ठरवून टाक." त्याला टोमणा कळला नाही. दमला होता बिचारा.

स्टेंट टाकल्यावर आठवडाभर हॉस्पिटलमध्येच राहावं लागलं, ताप चढत होता. ऋचा क्लासवरून परस्पर यायची आणि खोलीच्या गॅलरीत उभी राहून पुटपुटायची. यांचे कान शेवटपर्यंत तिखट. "ए, कसली स्पर्धा आहे?"

पोर पांढरी पडली. "शाळेत आहे, अण्णा. विषय, माझे आजोबा."

"वेळ?"

"दोन मिनिटं."

"म्हण."

वक्तृत्वाच्या परीक्षकाला कोणी स्पर्धेची थाप मारतं का? पण तिला दुसरं काय सुचणार. तिनं सुरू केलं, "माझे आजोबा म्हणजे मायेचा सागर, ज्ञानाचा हिमालय..."

"थांब. मी तुला कधी माया लावली? खोटं बोललीस की जीभ अडखळते. खरं बोल, लहान बोल. आधी नमस्कार. मग मी ऋचा, अण्णांची नात. झाली सुरुवात. मग एक प्रसंग. दोन नाही, एकच. तो घंटीचा सांग."

"तो?" ऋचानं माझ्याकडे बघितलं.

"तोच. तुला पाठ आहे तो."

पुढचे चार-पाच दिवस त्या खोलीत शिकवणी चालली. सलाईन लावलेल्या हाताने हे तिची वाक्यं उडवायचे. एका वाक्याला एकच श्वास. श्वास पुरला नाही तर वाक्य तोड. कागद नको, पुठ्ठ्याचं कार्ड घे, कागद हातात थरथरतो आणि लोकांना दिसतो. मोठ्या अक्षरात लिही, एका ओळीत एकच वाक्य. घाबरलं की तोंड कोरडं पडतं, म्हणून 'भावपूर्ण श्रद्धांजली' वगैरे जड शब्द नकोत, तिथंच जीभ अडकते. लोकांच्या डोळ्यात बघवत नसेल तर कपाळाकडे बघ. तुला फार सावकाश वाटेल तेवढं सावकाश बोल. ऐकणाऱ्याला ते बरोबर वाटतं. रडू आलं तर थांब, आवंढा गिळ, पुढचं वाक्य घे, माफी मागू नकोस.

"आणि मुख्य म्हणजे शेवटचं वाक्य आधी पाठ कर," हे म्हणाले. "मधलं विसरतंच. विसरलं की शोधत बसायचं नाही, सरळ शेवटच्या वाक्यावर उडी मारायची, नमस्कार करायचा आणि उतरायचं. तिसरीत तुला हे कोणी शिकवलं असतं तर मला घंटी वाजवावी लागली नसती."

"तुम्हीच शिकवायचं होतंत की," मी म्हटलं.

"परीक्षक होतो," म्हणाले.

ऋचा 'अण्णा कडक आहेत' असं म्हणत होती, पण कार्डावर 'होते' लिहिलेलं आणि म्हणताना दर वेळी बारीकशी अडखळण. तिसऱ्या दिवशी यांनी डोळे मिटूनच विचारलं, "होते हा शब्द कशाला गिळतेस? भाषण मेलेल्या माणसाचंच आहे ना?"

ऋचा रडायला लागली. मी उठले तर यांनी मला हातानं बसवलं. आणि तिला म्हणाले, "रडून झालं की तिसऱ्या वाक्यापासून पुन्हा."

तेव्हा मी यांना सगळं सांगितलं, शब्दनशब्द. ऐकून म्हणाले, "सुजेला इतकं वजन उतरत नाही, मला माहितीये. मकरंदला कळू देऊ नका मला कळलंय ते. त्याला स्वतःहून सांगू द्या."

आणि मग यांनी जे केलं ते मला आजही आवडत नाही. मकरंद संध्याकाळी ऑफिसातून यायचा, हसत म्हणायचा, "सूज उतरतेय, बाबा." हे म्हणायचे, "वा! मग दिवाळीत सिंहगडावर चालत जाऊ." दुसऱ्या दिवशी, "बुटांचा एक जोड घेऊन ये, चढायला." पोरानं बूट आणले हो! पायाला घालून बघितले यांनी, तळवे सुजलेले. "घट्ट होतात. एक नंबर मोठे आण." मकरंद पॅसेजमध्ये मोबाइल कानाला लावून उभा राहायचा. फोन कोणाचाच नसायचा, खांदे हलत असायचे.

"पुरे करा," मी म्हटलं. "मारताय त्याला."

"त्यानं एकदा सांगावं. मी थांबतो."

त्यानं नाही सांगितलं. यांनी नाही थांबवलं. पोटात पाणी झालं, त्याला असायटिस म्हणतात, सुईनं काढायचे, पुन्हा भरायचं. घरी आणलं. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, दुखणं बोथट करणारं औषध. गुंगीतून जागे झाले की आधी ऋचाला हाक. शेवटचं वाक्य यांनी तिला स्वतः सांगितलं, आणि रोज तेवढंच म्हणून घ्यायचे. दात घासताना, डबा भरताना, बाप घरात नसला की पोर तेच पुटपुटायची.

"अण्णांना सगळं माहीत होतं. बाबा, तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं."

पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात बापासाठी असं वाक्य ठेवून जायचं! मी भांडले. म्हणाले, "मला बोलता आलं असतं तर मीच बोललो असतो. तिथं मला कोण उभं करणार?"

दिवाळीच्या आधीच एका सकाळी गेले. घरात माणसं जमत होती तेव्हा मी ऋचाला स्वयंपाकघरात नेलं, कार्डावरची शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'अण्णा, आम्ही तुम्हाला विसरणार नाही.' "हे म्हण, बाळा. बाबाला तोडू नकोस." तिनं मान हलवली. तिला सुटल्यासारखं झालं, मला दिसलं.

मी स्मशानात निघाले तर यांचे चुलत भाऊ म्हणाले, "वहिनी, आता बायकापण येणार का?" म्हटलं, "भावजी, भाषण बाईच करणार आहे."

विद्युतदाहिनीसमोर लोक अर्धगोल उभे. एका विद्यार्थ्यानं लांबलचक भाषण केलं. मग ऋचा पुढे आली. पाय रोवून उभी राहिली, शिकवलं होतं तशी.

"नमस्कार. मी ऋचा. अण्णांची नात. अण्णा कडक होते. मी तिसरीत असताना स्पर्धेत अडखळले. परीक्षक अण्णा होते. त्यांनी घंटी वाजवली."

एवढ्यात मागे लोखंडी ट्रॉली खण्णकन आपटली. पोर दचकली. कार्ड हातात होतं, पण डोळे कार्डावर नव्हतेच. ओठ हलले, शब्द नाही. लोक खाली बघायला लागले. मी मनात म्हणतेय, कार्ड बघ, बाळा, कार्ड बघ. पण घाबरलेलं माणूस कार्ड बघत नाही, पाठ आहे ते बोलतं. तिनं आवंढा गिळला आणि शेवटावर उडी मारली.

"अण्णांना सगळं माहीत होतं. बाबा, तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं." नमस्कार केला. मागे सरली.

इतकं स्वच्छ, इतकं सावकाश, की शेवटच्या माणसापर्यंत गेलं. भाषण म्हणून बघाल तर उत्तम झालं.

कोणीतरी घाईनं दोन मिनिटं शांतता जाहीर केली. मकरंद जागचा हलला नाही. मग तिथल्या माणसानं विचारलं, "बटण कोण दाबणार?" त्यानंच दाबलं.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"ऋचाला?"

"हो."

"म्हणजे मी एकटाच त्यांना फसवत होतो, आणि तुम्ही तिघं मला." सिंहगड रस्त्यावर सिग्नल हिरवा झाला तरी त्यानं गाडी हलवली नाही, मागचे हॉर्न मारत होते. बरेच दिवस तो ऋचाशी नीट बोलला नाही. ते बूट अजून खोक्यात आहेत, मोठ्या नंबरचे.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण मागच्या आठवड्यात घडलं. माझ्या गळ्याशी गाठ लागली होती. बायॉप्सी केली, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला देतात. रिपोर्ट मकरंदनं आणला. टीव्ही बंद केला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. हातात रिपोर्टची घडी, आणि ती थरथरत होती.

"आई," तो म्हणाला. "गाठ साधी नाही. लिम्फोमा म्हणतात. तोही कॅन्सरच. याला उपचार आहेत. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. मी बरोबर आहे."

एका श्वासात एक वाक्य. माझ्या डोळ्यात बघवेना, म्हणून कपाळाकडे बघत होता.

माझे हातपाय गार पडले, खोटं कशाला सांगू. पण त्या गारठ्यातही मला वाटलं, पोरानं मला माणसात धरलं. यांना जे मिळालं नाही ते मला मिळालं, आणि त्याची किंमत या घरातल्या सगळ्यांत लहान माणसानं सर्वांसमोर उभं राहून चुकती केली. तुमच्या घरी अशी वेळ आली तर तुमच्या माणसाला समोर बसवून सांगा. वाक्यं लहान ठेवा.

दारात ऋचा उभी होती. तिला म्हटलं, "माझ्या वेळीही तूच बोलायचंस हो. पण शेवटचं वाक्य मी देणार नाही. ते तुझं तू ठरव."

ती म्हणाली, "आजी, आधी सोमवार तर होऊ दे."