उपकाराचे धपाटे

मी लातूरची वकील. जीभ तिखट आहे, हे माझे पक्षकारच गावभर सांगतात. तर चाकूरहून एक मावशी यायच्या. त्यांचा टेम्पोवाला पोरगा लातूरच्या जेलात होता. गोदामातून सोयाबीनची पोती चोरीला गेली होती, त्यातली काही याच्या टेम्पोत सापडली, एवढंच प्रकरण. नेहमीच्या जामिनाचा अर्ज आम्ही केला, तर उत्तर आलं, तपास चालू आहे. तपास कुठं चालू होता ते देवालाच ठाऊक.

शेवटी मावशींना मी समोर बसवलं. "नीट ऐका. पोलिसांना तपास संपवून दोषारोपपत्र द्यायला कायद्यानं मुदत असते. तुमच्या पोराच्या कलमांना साठ दिवस. दहा वर्षं किंवा जन्मठेपेसारखा भारी गुन्हा असता तर नव्वद. मुदत उलटली, कागद आला नाही, की जामीन हा हक्क. मग गुन्हा केला की नाही, हे कोर्ट बघत नाही."

"मंग झाले की साठ," मावशी म्हणाल्या. "त्याला उचलून नेलं तवापासून मोजते मी."

"तवापासून नाही. कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून. रविवारी पुरे होतात. सोमवारी कोर्ट उघडलं की अर्ज टाकायचा, कारण हा हक्क कुणी घरपोच आणून देत नाही. मागावा लागतो. आपण मागायच्या आधी त्यांनी दोषारोपपत्र दाखल केलं, तर बसा बोंबलत. आणि जामीनदार त्याच दिवशी हजर पाहिजे, तिथंही उशीर केला तर हातचं जाईल."

"माझा भाऊ हाय की. सातबारा घिऊन येतोय."

"आणि तोवर तोंडाला कुलूप," मी म्हटलं. मावशींनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज लई खुशीत. "बाई, ठाण्यात जाऊन आले. जमादारांना धपाटे दिले, दही दिलं."

"कशापायी?"

"अवं, त्यांनी कागद दिला न्हाई, केवढे उपकार! रिकाम्या हातानं कसं जावं? त्यांनी इचारलं, धपाटे कशाचे, मी सांगितलं."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हालाबी आणू का?"

सोमवारी पहिल्या बसनं मी चाकूरला गेले. कोर्टाच्या दारात जमादार काखेत गठ्ठा मारून उभे. दोषारोपपत्रच ते. पण कुलूप निघालं तरी माणूस आत जाईना. नंतर कळलं, गठ्ठ्यावर ठाण्याच्या साहेबांची सही व्हायची होती आणि साहेब बंदोबस्ताला उदगीरला. मी मात्र तशीच आत घुसले, बाबूच्या हातात अर्ज दिला आणि त्यावर वेळ टाकून घेतली. बाबू म्हणाला, "बाई, दम तर घ्या." म्हटलं, "नंतर घेते."

दुपारी प्रकरण पुकारलं. सरकारी वकील उठून म्हणाले, "साहेब, दोषारोपपत्र तयार आहे."

न्यायाधीश म्हणाले, "तयार आहे, की दाखल आहे?"

"सही होऊन आत्ताच आलंय."

"अर्ज सकाळचा आहे," न्यायाधीश म्हणाले आणि लिहू लागले. सकाळी हक्क मागून झाला होता, दुपारच्या कागदानं तो जात नाही. जमादार माझ्याकडं असं बघत होते, जणू धपाटे मीच थापले होते.

जातमुचलका आणि एक जामीनदार. मामांचा सातबारा चालला. मी मावशींना बजावलं, "केस सुटली नाही हां. तारखेला यायचं, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही, नाहीतर हा जामीन रद्दही होतो." त्या हाव हाव म्हणत होत्या, लक्ष सगळं लातूरच्या गाडीकडं.

संध्याकाळी जेलच्या दारातून पोरगा बाहेर आला. वाळला होता. मला वाटलं, मावशी आता गळ्यात पडतील. त्यांनी खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून विचारलं, "केलं का रं तू?"

"न्हाई, आये. भाड्यानं नेत होतो. पोती चोरीची हायत हे मला काय ठावं?"

"मंग इतके दिवस बोलला का न्हाईस?"

पोरगा गाल चोळत माझ्याकडं बघून म्हणाला, "समदे इचारत होते, बाकीचा माल कुठं ठेवला. केलं का, असं कुणी इचारलंच न्हाई."

मीही विचारलं नव्हतं.