छेदात शून्य

अकरावीला सायन्स घेतलं ते मोताळ्यात आमच्या घरात मीच पहिली. चाचणीत फिजिक्सचे मार्क असे पडले की सरांनी मला सरळ सांगितलं, "आज फळ्यावर लेन्सचं गणित सोडव. नाही जमलं तर बाबाले सांगतो, पोरीले आर्ट्सले टाका." बाबांचं एकच पालुपद, "सर म्हणतीन तसं." मला सायन्सच पाहिजे होतं, बस.

टेबलावर मेणबत्ती, लेन्स आणि पुठ्ठ्याचा पडदा. फोकल लेंग्थ वीस, मेणबत्ती तीस सेंटिमीटरवर, म्हणून तिचं अंतर, यू, उणे तीस. प्रतिमेचं अंतर, व्ही, किती? मी लिहिलं, एक भागिले व्ही बरोबर एक भागिले वीस वजा एक भागिले तीस. इथवर ठीक. मग मी हुशारी केली. सगळे अपूर्णांक एकदम उलटे केले, व्ही बरोबर वीस वजा तीस. उणे दहा!

"वा! उणे म्हणजे मेणबत्तीच्याच बाजूले," सर म्हणाले. "ठेव तिथं पडदा."

ठेवला. पुठ्ठा मेणबत्ती आणि लेन्सच्या मधे. लेन्सला उजेडच दिसेना. वर्ग खिदळला. मागून कुणीतरी म्हणालं, "लग्नातला अंतरपाट धरला का वं?" मेल्याचं थोबाड फोडावं वाटलं.

तोंड फिरवून मी फळ्याकडं बघितलं. आधी छेद सारखे करायचे, एकत्र करायचं, मगच उलटं करायचं, हे सर शंभरदा ओरडले होते. छेद साठ केला. तीन वजा दोन, एक. एक भागिले साठ. आता उलटं केलं, व्ही साठ. पडदा लेन्सच्या पलीकडं साठवर नेला, तर त्यावर उलटी ज्योत, चांगली मोठी, लख्ख!

मला वाटलं, सुटले. पण सर कसले सोडतात! त्यांनी मेणबत्ती वीसवर सरकवली. "घे पडदा. शोध प्रतिमा. लागलं तर व्हरांड्यात जा."

पुठ्ठा उचलून मी दारापर्यंत गेलेसुद्धा. मग थांबले, परत फळ्यापाशी आले. एक भागिले वीस वजा एक भागिले वीस. उरलं शून्य. आता उलटं केलं तर शून्य छेदात. मी पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि जाऊन बाकावर बसले.

"काऊन बसली वं?"

"सर, छेदात शून्य आहे. किरण समांतर जाऊन राह्यले, भेटतच नाहीत. पडद्यावर प्रतिमा येणारच नाही, तर मी काऊन हिंडू?"

सर नुसते हसले.

बाजाराच्या दिवशी ते बाबांच्या मिरचीच्या ढिगापाशी आले. मी बाबांच्या मागं तोंड लपवलं. सर म्हणाले, "तुमची पोरगी माह्यं ऐकत नाही."

बाबांचा चेहरा पडला. "मंग आर्ट्सले टाकू का, सर?"

"टाकून तर पाहा, मंग माह्याशी गाठ हाय," सर म्हणाले आणि पावशेर मिरची घेऊन गेले.