काट मारलेली आकृती

सिंगापूरच्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी एक आडवा आणि एक तिरका दांडा पिनांनी जोडून केलेल्या फ्रेमच्या गणिताचं हँडआउट लिहिलं. त्यात माझा फसलेला प्रयत्न मुद्दाम ठेवला होता. अख्ख्या फ्रेमची फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे ती सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती, काढली, तर आधारांची अज्ञात बलं चार आणि समीकरणं तीन. म्हणून तिच्यावर काट. मग लक्षात आलं, की तिरका दांडा फक्त दोन टोकांच्या पिनांवर आहे, मध्ये भार नाही, म्हणजे त्यातलं बल त्याच्याच रेषेत. आता भार असलेला आडवा दांडा सुटा काढला, तर अज्ञात तीनच. गणित सुटलं.

कोर्सच्या प्रमुखबाईंनी काट मारलेली आकृतीच उडवली. "पान नीटनेटकं दिसायला हवं," म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. आकृती निवडायची कशी, हेच तर शिकवायचं होतं! पण तोंडातून निघालं "ओके". घरी जाताना बिशान स्टेशनपर्यंत एमआरटी मेट्रोत मनातल्या मनात भांडत राहिलो.

ट्युटोरियलमध्ये एका मुलीने विचारलं, "आडवा दांडाच घ्यायचा, हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"सवयीने दिसतं," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली आणि वही मिटली. बाईंनी माझा फसलेला प्रयत्न निदान कागदावरूनच उडवला होता; मी तर तो तिच्यापासून तोंडानेही लपवला.