शून्य म्हणजे अपुरं

ऊलझान आपाच्या कार्डावर फोन नंबर मी लिहिला. तिनेच सांगितला तो लिहिला, तरी दोष माझ्याकडे येतोच, कारण तो नंबर तिचा नाही हे मला ठाऊक होतं.

ऑक्टोबरात ती आमच्या दवाखान्यात, मी मशीन चालवते तिथे, छातीच्या तपासणीला आली. बावन्न वर्षांची, शाळेच्या खानावळीत चारशे पोरांसाठी कणीक मळणारी बाई. मशीनची पाटी खाली येऊन स्तन दाबला गेला की बायका देवाचं नाव घेतात. ही म्हणाली, "रायगुल, मी कणीक अशी दाबली असती तर पोरांनी पाव माझ्या डोक्यात घातले असते."

नंबर विचारला तेव्हा हसली. "माझा मला कुठे पाठ आहे! सुनेचा लिही. फोन तिच्या हाताला चिकटलेलाच असतो."

मी लिहिला. बाहेर रांग होती आणि रांग असली की माझं डोकं ठिकाणावर नसतं.

एक्स-रेचे फोटो दोन डॉक्टर वेगवेगळे बघतात, एक आमच्या कामशात बाई आणि एक शहराच्या मोठ्या केंद्रातले. दोघांनीही शून्य लिहिलं. कामशात बाईंनी मला पडद्यापाशी बोलावलं. फोटोत चरबी काळी दिसते आणि बाकीची ऊती पांढरी. आपाची छाती बहुतेक पांढरीच होती, म्हणजे दाट. हाताला घट्ट लागणं निराळं. ही दाटी फोटोतच कळते आणि अर्ध्याअधिक बायकांची तशी असते. अडचण एवढीच की गाठसुद्धा पांढरीच दिसते, मग बर्फात पांढरं कोकरू शोधायची वेळ येते. उजवीकडे शिवाय एका जागी सात-आठ चकचकीत ठिपके होते, मिठाच्या कणांहूनही बारीक.

"चुन्याचे कण," बाई म्हणाल्या. "वेडेवाकडे, फांद्या फुटल्यासारखे असले तर काळजी. हे गोल वाटतात, पण कडा पुसट आहेत. ह्या फोटोवरून मी होही म्हणणार नाही आणि नाहीही. बोलाव तिला."

शून्याचा अर्थ तेवढाच: फोटो अपुरे आहेत, आणखी हवेत. रोज दहा जणींना मी हे समजावते. त्या दिवशी फोन सुनेने, आकमारलने, उचलला. मी म्हटलं, "आपांचा निकाल शून्य आलाय, परत घेऊन या."

"वाईट आहे का?" तिने विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील," म्हणून मी फोन ठेवला. एक वाक्य जास्त बोलले असते तर माझी जीभ झिजली नसती.

आकमारलच्या आईला हाच आजार झाला होता. तिला दवाखान्याच्या बोळात उभ्या-उभ्या सांगितलं गेलं. ती घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली आणि चार महिन्यांत गेली. आजाराने नव्हे, बातमीने मारलं, अशी पोरीची पक्की समजूत. म्हणून तिने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने मावशीला, मावशीने साऱ्या गोताला. फक्त आपाला कुणी सांगितलं नाही, आणि परत तपासणीलाही आणलं नाही. आमच्याकडे वाईट बातमी अशीच फिरते, जिची असते तिला वळसा घालून.

पुढचं मला आपानेच सांगितलं. आधी तिच्या हातातली कणकेची परात काढून घेतली गेली. मुलगा दोसान म्हणाला, "आई, हिवाळाभर रजा घे." मग पाहुणे सुरू झाले. कुणी काझी, म्हणजे घोड्याच्या मांसाचं सॉसेज, आणलं, कुणी नुसतंच तिचा हात हातात घेऊन बसलं. चुलतदिराने वीस वर्षांपूर्वीच्या भांडणाची माफी मागितली.

"मला वाटलं म्हातारा झाला, सुधारला," आपा म्हणाली.

पाचव्या आठवड्यात मेर्के गावाहून बहीण आली, बाल्झिया. आईच्या चांदीच्या कड्यावरून दोघींचं अठरा वर्षं बोलणं नव्हतं. बाल्झियाने ते कडं स्वतःच्या मनगटातून काढून आपाच्या मनगटात घातलं.

"तुझंच होतं गं," म्हणाली आणि ओठ चावून बसली.

आपाने कड्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. आकमारल चहा ओतत होती. पाहुण्याला उठवायचं असल्याखेरीज आमच्याकडे प्याला काठोकाठ भरत नाहीत, आणि तिच्या हातातला प्याला भरून बशीत सांडत होता.

"मी मरतेय का?" आपाने विचारलं.

आकमारल खाली मान घालून सांडलेला चहा पुसू लागली. आपाला तेवढं उत्तर पुरलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी दोन बस बदलून दवाखान्यात माझ्या दारात उभी राहिली. मनगटात कडं होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"रायगुल, किती दिवस आहेत?"

"कसले दिवस?"

"सांग. घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

माझ्या लक्षात आलं आणि माझे कान तापले. मी तिला बसवलं आणि जे वाक्य पाच आठवड्यांपूर्वी बोलायचं होतं ते बोलले. "आपा, शून्य म्हणजे कर्करोग नव्हे. नाही असंही नव्हे. शून्य म्हणजे आम्हाला अजून कळलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. शेजारणीचा निरोप ऐकावा तशी.

मी कडं काढून ट्रेमध्ये ठेवलं. ह्या वेळी स्तन उंच बैठकीवर ठेवून, लहान पाटीने तेवढीच जागा दाबून, मोठे करून फोटो काढले: एक वरून, एक अगदी सरळ बाजूने. पहिल्या वेळचा बाजूचा फोटो तिरका असतो. तिने विनोद केला नाही. श्वास रोखा म्हटलं, रोखला. सोडा म्हटलं, पण सोडायची विसरली. मला दोनदा सांगावं लागलं.

मग दाट भागासाठी सोनोग्राफी. बारीक ठिपके तिच्यात धड दिसत नाहीत, पण पांढऱ्यात दडलेली गाठ असली तर दिसते. गाठ नव्हती, पाण्याच्या चिमुकल्या पिशव्या होत्या.

कामशात बाईंनी आपाला पडद्यासमोर खुर्ची दिली. "हा वरून काढलेला. ठिपके गोल, पुसट. आता हा बाजूने काढलेला." तेच ठिपके आता चंद्रकोरी झाले होते, सगळ्या तळाशी आडव्या पडलेल्या. "त्या पिशव्यांत चुना खाली बसलाय, प्याल्याच्या बुडाशी चहाचा गाळ बसतो तसा. बाई उभी असते म्हणून बाजूने असा दिसतो. हे निरुपद्रवी आहे. सुई नको, औषध नको. दोन वर्षांनी नेहमीसारख्या या."

"गाळ," आपा म्हणाली.

"गाळच."

मला रडू आलं. तिला आलं नाही. बाहेर येऊन ती कोटाची बटणं लावत होती, एक घर चुकवून.

"बरं वाटायला हवं ना मला?" तिने विचारलं. "काहीच वाटत नाही गं. पाच आठवडे माझ्या घरात मी मेलेली होते. सगळे येऊन भेटून गेले. मलाच कुणी कळवलं नव्हतं."

"सुनेने मायेपोटी केलं, आपा."

"ठाऊक आहे. म्हणून तर ओरडताही येत नाही." तिने बटणं सोडून पुन्हा लावली. "आणि खरंच असतं तर? हे पाच आठवडे मला कुणी परत दिले असते?"

नंबर माझ्याच अक्षरात होता.

मी कडं ट्रेमधून आणून दिलं. तिने ते मनगटात न घालता खिशात टाकलं. "बाल्झियाला परत देते. मेलेल्या बहिणीला दिलं होतं तिने. जिवंत बहिणीला द्यायचं असेल तर पुन्हा देईल."

दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. "माझं कार्ड काढ."

मी काढलं. सुनेचा नंबर खोडला.

तिने डोळे मिटले आणि स्वतःच्या नंबरचे अकराच्या अकरा आकडे एका दमात म्हणून दाखवले. दोन बस बदलताना हेच पाठ करत आली होती.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं.