हिरवी खूण दुसऱ्याच पर्यायावर

आप्पांनी परवानगी दिली होती, पण अट घालून. "तोंड दिसाय न्हाय पायजे. नाव घालायचं न्हाय. बाकी काय करताय ते करा."

माझ्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळं कॉलेजात नेमकं काय करायचं असतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. वर्गातल्या एका मैत्रिणीनं सणांवर प्रश्नमंजुषेचे छोटे व्हिडिओ काढायचं ठरवलं आणि मला विचारलं, तेव्हा मी हो म्हणून बसले. ती कोल्हापूर शहरातली, तिचा फोन चांगला, एडिटिंग तिचं. मी हातकणंगल्याकडच्या गावातून रोज येऊन-जाऊन करणारी. प्रश्न काढायचं काम माझं आणि आवाज माझा.

तोंड चालणार नाही म्हटल्यावर तिनंच युक्ती काढली. प्रश्न मी वाचायचा, पडद्यावर तीन पर्याय एकाखाली एक येणार, आणि मग कॅमेऱ्यासमोर फक्त माझा हात. तीन बोटं वर, एक-एक मिटायचं. बघणाऱ्यानं तेवढ्यात मनात उत्तर द्यायचं. तिसरं बोट मिटलं की टिंग असा आवाज होऊन बरोबर पर्यायावर हिरवी खूण उमटायची. उत्तर मी बोलत नसे. "खूण आहे की, कशाला बोलायचं?" असं ती म्हणाली होती. मला ते तेव्हाही जरा अपुरं वाटलं, पण फोन तिचा होता.

आषाढाच्या तोंडावर बेंदराचा प्रश्न टाकला. आपल्या भागात बैलांचा सण कोणता? पर्याय बेंदूर, पोळा आणि वसुबारस. इतका सोपा की देताना मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आप्पा शिरोलीच्या फौंड्रीतून आले. डबा ओट्यावर ठेवला आणि हातपाय न धुताच उभे राहिले.

"काय गं, आपल्यात बैलांचा सण कुठला?"

"बेंदूर."

"मग तुज्या व्हिडिओत पोळा कसा आला?"

मला काही कळेना. मी अपलोड झालेला व्हिडिओ बघितलाच नव्हता. आप्पा म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत सगळी बघत बसलीती. आपल्या गल्लीतला एक जण म्हणतोय, गड्या, पोरगी शिकाय घातलीस आणि बेंदूर इसरून आली की! मी म्हटलं, माजी न्हाय ती. तर म्हणतोय, हात बघ की. आंगठ्यापाशी तव्याचा डाग हाय."

आईनं माझ्या हाताकडं बघितलं. मी हात ओढणीत घेतला.

"चुकून झालं असंल," आई म्हणाली.

"चुकून एकदा होतंय," आप्पा म्हणाले. "पुन्यांदा झालं तर बंद. मग मला इचारायला यायचं न्हाय."

रात्री बघितलं तर खरंच, तिसरं बोट मिटल्यावर हिरवी खूण पोळ्यावर. आणि खाली कमेंटींचा नुसता पूर. 'ह्यांनी कोल्हापूरचं पाणी पिलंय का?' 'पावणं पुण्याचं दिसत्यात.' 'आमच्या बैलाला विचारा, त्यो सांगील.' आमच्या आधीच्या कुठल्याच व्हिडिओला इतकं कुणी बोललं नव्हतं.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, चुकलं गं. पण बघितलंस का किती चाललाय!" तिच्या आवाजात चुकल्यापेक्षा चालल्याचंच जास्त होतं. तो व्हिडिओ काढून टाक म्हटलं तर म्हणाली, "कमेंटमध्ये बरोबर उत्तर पिन करते ना." केलंही. पण व्हिडिओ तसाच राहिला.

तेव्हापासून माझ्या मनात संशय बसला. चुकीच्या उत्तराला लोक चिडून लिहितात, आणि लोक लिहितात म्हणून ते आणखी लोकांपुढं जातं, हे मला तिनंच शिकवलं होतं. मग हे मुद्दाम तर नसेल? ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, कॅन्टीनमध्ये स्वतःचा वडा अर्धा मोडून देत होती. मी तो खात होते आणि तिच्या तोंडाकडं बघत होते. असं कुणाकडं बघायची मला सवय नव्हती.

पुढचा प्रश्न मी मुद्दाम असा दिला की त्यात चुकायला जागाच नको. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचं काय नेऊन वाहतात? नवं पाणी, कमळं, की वाळू? यात्रेच्या दिवसांत ढोल वाजवत लोक नदीचं नवं पाणी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर नेतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. सोबत निरोपही धाडला, 'उत्तर पहिलं.'

यावेळी टाकल्या टाकल्या बघितलं. बोटं मिटली. टिंग. कमळं.

आप्पांनी बघायच्या आत मला तिच्याकडं पोचायचं होतं. सकाळी पहिल्या एसटीनं निघाले. ती कॉलेजच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. मी धापा टाकतच म्हटलं, "दाखव कसं करतेस ते. माझ्यासमोर."

"काय झालं तुला?"

"दाखव."

तिनं ॲप उघडलं. एकदा बनवलेला व्हिडिओ ती प्रत्येक वेळी कॉपी करत होती. माझा नवा आवाज घालायचा, पर्यायांची नावं बदलायची. पण हिरवी खूण हा वेगळा थर होता, आणि तो जुन्या जागीच राहायचा. ज्या व्हिडिओवरून ती कॉपी करायची त्यात बरोबर उत्तर दुसऱ्या ओळीवर होतं. खूण हातानं सरकवावी लागत होती. बेंदराच्या वेळी सरकवायची राहिली होती. म्हणजे मुद्दाम नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं आणि तिच्याबद्दल काय काय मनात आणलं याचं वाईटही वाटलं.

मग मी विचारलं, "आणि काल? मी तर लिहून पाठवलं होतं."

ती फोनवर बोट फिरवत राहिली. "काल दिसलं होतं मला."

"मग?"

"मग काय? राहू दिलं. बेंदराला काय झालं ते बघितलंस की तूच." मग जरा चिडून, "लोकं हसतात तर हसू देत की! तुझं कुठं तोंड दिसतंय?"

"हात दिसतोय," मी म्हणाले. "माझ्या आप्पांना डबा खाताना तो हात दाखवतात."

तिनं कालचा व्हिडिओ काढून टाकला, मग बेंदराचाही. मी तिथंच उभी राहून दोन्ही गेल्याची खात्री केली. तिला ते आवडलं नाही, हे दिसत होतं.

पण उशीर झाला होता, फौंड्रीतल्यांनी तो रात्रीच बघितला होता. संध्याकाळी आप्पांनी आल्या आल्या विचारलं, "कमळं व्हय?" मी सगळं सांगितलं, खूण, थर, कॉपी, आणि तिनं काल राहू दिलं तेही. त्यांना थर वगैरे कळलं की नाही कोण जाणे. ते बराच वेळ डब्याचं झाकण उघडझाप करत राहिले.

"परश्न तू इचारतीस?"

"व्हय."

"मग उत्तर दुसऱ्याच्या हातात कशाला? तुजं तू बोल की. का जीभ झिजती?"

"म्हणजे बंद न्हाय?"

"ते बघितल्यावर सांगतो."

मी मैत्रिणीला कळवलं की इथून पुढं उत्तरही माझ्याच आवाजात असणार, आणि टाकायच्या आधी मला पूर्ण व्हिडिओ दाखवायचा. तिनं नुसता अंगठा पाठवला. आमच्यात पुन्हा अर्धा वडा झाला नाही, पण काम चालू राहिलं.

नवा व्हिडिओ आप्पांना मीच दाखवला. तोच बेंदराचा प्रश्न, पुन्हा केलेला. बोटं मिटायला लागली तसा त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. त्या तेवढ्याशा वेळात ते हिशोब चुकलेल्या दुकानदाराकडं बघावं तसे बघत होते, पडद्याकडं आणि मधेच माझ्याकडं. टिंग वाजलं आणि माझा आवाज आला, "बेंदूर."

त्यांनी अंगठ्यानं व्हिडिओ मागं नेला, आणखी एकदा बघितला. खूण कुठल्या ओळीवर आहे ते बोट लावून तपासलं.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत दावतो त्यास्नी," म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.