शेजारणीच्या दारात टेकलेली शिडी

बहारिनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दमट संध्याकाळी कधीकधी टीव्हीवर समुद्रापलीकडची मुंबई दिसायची, धुक्यात भिजल्यासारखी. पण वाऱ्याने गच्चीवरची अँटेना फिरली की सगळंच विरून जायचं. गच्चीला जिना नव्हता. चढायचं ते बाहेरून, शिडीने.

आमचे हे कंपनीत मेंटेनन्सचे फोरमन. कठडा सोळा फुटांवर, म्हणून शिडीचा पाय भिंतीपासून चार फूट हवा, चार फूट उंचीला एक फूट. शिडी वीस फुटी, म्हणजे वर धरायला तीनेक फूट उरते. हिशेब चोख होता, पण मेली गल्लीच तीन फुटांची!

"अहो, एका फुटाने काय बिघडतंय? लावा की जरा उभी," मी वैतागले.

"उभी लावली तर मला घेऊन मागे कोसळेल," म्हणत यांनी समोरचं दार वाजवलं.

बहारिनी शेजारणीने ऐकून घेतलं, चटई गुंडाळली, आणि शिडीचे रबरी पाय तिच्या घरात फूटभर आत टेकले. ती आतून शिडी धरून बसली, मी बाहेरून. भाषा जुळत नव्हती, नुसत्या हसायचो. मग दर वेळी तसंच.

एकदा वारा पडला. कितीतरी दिवस अँटेना हललीच नाही. एका संध्याकाळी समोरचं दार आपणहून उघडलं. चटई गुंडाळलेली होती. गच्चीकडे बोट दाखवत तिने विचारलं, "आज मफी?" मफी म्हणजे नाही, एवढं अरबी मला कळायचं.

टीव्हीवर चित्र स्वच्छ होतं. हे उठले आणि शिडी आणायला गेले.