आधी कोणाचे नाव

तपासनीसबाई येणार असल्याचे कार्ड आले, त्या दिवशी मी वहीत चार कामे लिहिली. हजेरीपट पुरा करणे. मुलींचे शिवणकाम धुऊन इस्त्री करून घेणे. कर्जत स्टेशनावर बैलगाडी पाठवणे. ओळख. पहिली तीन दोन दिवसांत खोडली. चौथे आठ दिवस तसेच राहिले.

आमची मुलींची शाळा पळसदरीच्या अलीकडच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात भरत असे. मंडप शाळेला योग्य नाही, महिनाअखेर स्वतंत्र जागा न मिळाल्यास शाळा कर्जतच्या शाळेत विलीन करावी, असे वरून पत्र आले होते. कर्जतला एवढे चालून एकही मुलगी गेली नसती. सतरा मुली घरी बसल्या असत्या आणि माझी बदली झाली असती.

जागा गावात एकच होती, पाटलांच्या वयोवृद्ध आईंची. घराला लागून भात साठवायची मोठी खोली, पक्क्या भिंतींची, दोन खिडक्यांची. त्या द्यायला तयार होत्या. अट एवढीच, की ज्या बाई शाळा तपासतात त्यांनी घरी यावे आणि चारचौघांसारखी ओळख व्हावी. कागदावर अंगठा त्यानंतर.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला शिष्टाचाराचा एक धडा होता. ज्याचा मान मोठा, त्याच्याकडे तोंड करून त्याला हाक मारायची आणि समोरचा लहान कोण आहे ते सांगायचे. लहान माणूस मोठ्यापुढे उभा करायचा. नियम सोपा होता, पण इथे मोठे कोण? हुद्द्याने तपासनीसबाई. वयाने आणि घरच्या म्हणून आजीबाई, त्या सत्तरीच्या, तर तपासनीसबाई माझ्याहूनही लहान, तिशीच्या आतल्या.

शिवाय आजीबाईंना हाक काय मारायची? पाटलीणबाई म्हणावे तर ते आता सुनेचे नाव. पाटलांच्या आई म्हणावे तर खोली मुलाची ठरते, आणि ती नवऱ्याने त्यांच्या स्वतःच्या नावावर करून दिलेली होती. गाव त्यांना थोरल्या बाई म्हणे, तेच मी धरले. नमस्कार आधी कोणी करायचा, यावरही तोड काढली. वाक्य संपताच मीच "नमस्कार" म्हणायचे, म्हणजे दोघींचे हात एकदम उठतील.

आदल्या दिवशी सून विहिरीवर भेटली.

"मास्तरीणबाई, उद्या आदी कुनाचं नाव घेनार?"

"अजून ठरलं नाही."

"मंग ठरवा गं बाई. सासूबाई सकाळपासून तेच इचारत हायेत. होळीचं ठावं हाय ना तुमाला?"

ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी होळीचा मानाचा पहिला नारळ दुसऱ्या घराच्या नावाने पडला होता. तेव्हापासून थोरल्या बाई होळीला गेल्या नव्हत्या.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारले.

"मला कोन इचारतंय? माजं नाव सगल्यांच्या शेवटी घ्या, आन हलू घ्या."

त्या रात्री मी ठरवले. तपासनीसबाई शिकलेल्या आहेत, त्या वयाचा मान समजून घेतील. आधी थोरल्या बाईंना हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी स्टेशनावरून येताना गाडीत तपासनीसबाईंनी जागेची चौकशी केली. लांबी, रुंदी, खिडक्या, सगळे मी सांगितले. मग त्या म्हणाल्या, "खेड्यात आम्हाला कुणाहीपुढे नेऊन उभं करतात. मागे खालापूरकडे एका मास्तरांनी मला बैठकीत नेलं. तिथल्या शेठजींना म्हणाले, या आमच्याकडे आलेल्या बाई, बघून घ्या."

"मग?"

"मग काय. शेरा लिहिला."

गाडी ओढ्यात उतरली तेव्हा मी वाक्य उलटे करून पाहिले. बाईसाहेब, या जागेच्या मालकीण. ओढा चढून वर आलो तेव्हा होळी आठवली आणि वाक्य पुन्हा पहिल्यासारखे केले.

थोरल्या बाई ओटीवर पाटावर बसल्या होत्या, जरीकाठी लुगडे नेसून. सून दारामागे. मी पुढे झाले आणि म्हणाले, "थोरल्या बाई, या आमच्या तपासनीसबाई. नमस्कार."

हात फक्त माझे उठले.

तपासनीसबाईंच्या चेहऱ्यावरून कळले, की तो धडा त्याही शिकल्या होत्या. आपल्याला कोणापुढे उभे केले ते त्यांनी बरोबर ओळखले. तेवढे मी धरलेच होते. थोरल्या बाईंचे मात्र मला कळेना. त्या माझ्याकडे बघत होत्या, अजून काहीतरी यायचे आहे अशा.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यांचं सांगितलंत. त्या कोन ते समजलं. मी कोन ते ऱ्हायलंच की."

"तुम्हाला आधी हाक मारली ना मी."

"हाक काय, म्हशीला पन मारतात. नाव सांगनं येगलं."

दारामागे सून खोकली. एकाच वाक्यात मी दोघींनाही खाली बसवले होते. कॉलेजच्या हिशेबात हाक म्हणजे मान, थोरल्या बाईंच्या हिशेबात ज्याची माहिती आधी सांगितली त्याचा मान. हे माझ्या वहीत कुठेच नव्हते.

सारवासारव करायला मी तोंड उघडले, पण तपासनीसबाईंनी हाताने थांबवले. त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "बाईंकडून राहिलं असेल तर तुम्हीच सांगा, आई. मी ऐकते."

थोरल्या बाईंनी सांगितले. माहेर कुठले, वडील कोणते, किती भावांमागून झाल्या, या घरात कितव्या वर्षी आल्या, सासऱ्यांनी जमीन कशी वाढवली. नवऱ्याचे नाव न घेता नवऱ्याचेही सगळे सांगितले. शेवटी म्हणाल्या, "आन ही खोली माजी हाय. पोराची नाय." तपासनीसबाई सगळा वेळ उभ्याच होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले. थोरल्या बाईंनी "रामराम" म्हटले, पण बसा म्हटले नाही. कागदही मागितला नाही.

खोली बघून झाली. तपासनीसबाईंनी ओटीवर टेकूनच तपासणीच्या पुस्तकात शेरा लिहिला. थोरल्या बाईंना वाचता येत नव्हते.

"काय लिवलंय ते वाचा, मास्तरीणबाई. आदी कुनाचं हाय?"

मी पुस्तक हातात घेतले. पहिले वाक्य होते, "मी आज पाटलांच्या मातोश्रींच्या जागेची पाहणी केली. जागा शाळेस सर्वस्वी योग्य आहे." पहिलाच शब्द ‘मी’. आणि वर पाटलांच्या मातोश्री.

मी वाचले, "थोरल्या बाईंच्या जागेची पाहणी आज मी केली. जागा शाळेस सर्वस्वी योग्य आहे."

पुस्तकातून मान वर करायचा मला धीर होईना. सरकारी शेरा मी त्याच्या लिहिणारीसमोर चुकीचा वाचला होता. तपासनीसबाई टाकाची निब पुसत राहिल्या.

थोरल्या बाई सुनेला म्हणाल्या, "शाई आन गं. आन बाईंना पाट दे, कवाच्या उभ्या हायेत." कागदावर त्यांनी अंगठा दाबला तो इतक्या जोराने, की शाई पलीकडे उतरली.

परतताना मी गाडीत अंग चोरून बसले. बदलीचा हुकूम कोणत्या गावचा येईल, याची मनातल्या मनात यादी करत होते. ओढा ओलांडला, शेते संपली, स्टेशनाचा कंदील दिसायला लागला.

उतरताना तपासनीसबाई म्हणाल्या, "शब्द हलवलात तुम्ही."

"हो बाईसाहेब."

"तोंडाने हलवलेत ते चाललं. पुस्तकात हलवू नका."

सोमवारी आम्ही खोलीतले भाताचे कणगे बाहेर काढून शाळा भरवली.